लेगिंग अंगावर पारदर्शक होते ती कापडामुळे की मापामुळे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. कुर्त्याखाली क्रीम रंगाची लेगिंग घालते. दुकानात हातात धरली तर ती चांगली जाड वाटते, पण घालून खाली वाकले की आतले दिसते, असे सहकारी मैत्रिणीने सांगितले. लेबलवर ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के लायक्रा असे लिहिले आहे. जास्त लायक्रा असलेली घ्यावी का? दुकानात उभ्या उभ्या कशी तपासावी? शिवाय मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली आहे, तिला काळ्या टाइट्स घ्यायच्या आहेत. त्यांनाही हेच लागू होते का?

उत्तर :

लायक्रा वाढवून तुमची अडचण सुटणार नाही. एक माप वर गेलात, तर मात्र बहुतेक सुटेल. विणलेल्या होजिअरी कापडाची आणि तयार मालाची तपासणी करणे हे माझे बावीस वर्षांचे काम आहे, आणि ‘लेगिंग पारदर्शक आहे’ म्हणून परत आलेल्या मालात मला कापड खोटे निघाल्यापेक्षा माप आखूड निघाल्याचे प्रसंग अधिक आढळले आहेत. कापड वाईट असतेच. पण चांगले कापडसुद्धा दीडपट ताणले की जाळी होते.

हे का होते ते आधी सांगते, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. लेगिंगचे कापड साडीसारखे उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले नसते; ते स्वेटरसारखे टाक्यांचे, म्हणजे एकात एक अडकवलेल्या फासांचे असते. कापड ताणले की धागा फारसा लांबत नाही, फास उघडतो. फास उघडला की मधली फट वाढते आणि त्या फटीतून उजेड आत जाऊन तुमची त्वचा किंवा आतल्या कपड्याची कड दाखवून परत येतो. लायक्रा, म्हणजे इलास्टेन, हा सुती धाग्याच्या जोडीने चालणारा, रबरासारखा ताणणारा बारीक तंतू आहे. कापड मशीनवरून उतरले की तो आखडतो आणि फास एकमेकांजवळ ओढून घेतो. म्हणून लायक्रा असलेले कापड हातात घट्ट आणि जाड लागते. पण हे जाडपण उसने असते. कापड ताणले गेले की तोच तंतू लांबतो आणि फास पुन्हा दूर जातात. लायक्रा जितका जास्त, तितके कापड जास्त ताणले जाऊ शकते आणि तितकी लहान लेगिंगसुद्धा अंगावर चढते. ती चढली, म्हणून ती आपल्या मापाची आहे, असा आपला समज होतो.

आता तुमच्या लेबलकडे वळू. ९५ आणि ५ हे प्रमाण वजनाचे आहे आणि कुर्त्याखालच्या सुती लेगिंगसाठी ते अगदी योग्य आहे. ९२ आणि ८ असेल तरी चालेल. लायक्रा २-३ टक्क्यांवर आला, तर कापड ताणल्यावर जागेवर परत येत नाही. दोन-चार धुण्यांत गुडघ्यावर फुगा येतो आणि तो भाग कायमचा विरविरीत होतो. म्हणजे लेबलवरच्या लायक्राच्या आकड्यावरून लेगिंग परत किती आखडेल आणि किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. ती आरपार दिसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा आकडा लागतो, तो म्हणजे जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. बाजारातल्या स्वस्त सुती लेगिंग १६० ते १८० जीएसएमच्या असतात. क्रीम, पांढरा, बदामी, फिकट गुलाबी अशा रंगांना मी २२० च्या खाली जाऊ नका असे सांगते, आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगाला २०० पुरतात. ऑनलाइन विक्रेते हा आकडा पुष्कळदा देतात, दुकानात तो क्वचितच लिहिलेला असतो.

होजिअरीचे मोठे केंद्र असलेल्या तिरुपूरच्या माणसाशी बोलण्याचा प्रसंग आला, तर तो ‘हाफ फीडर’ की ‘फुल फीडर’ असे विचारील. फुल फीडरमध्ये विणीच्या प्रत्येक ओळीत लायक्रा चालवलेला असतो, हाफ फीडरमध्ये एकाआड एक ओळीत. दोन्हींच्या लेबलवर ‘कॉटन-लायक्रा’ एवढेच असते. हाफ फीडरचे कापड ताणून निरखले, तर आडवे पट्टे पडल्यासारखी एक ओळ दाट आणि एक विरळ भासते. फिकट रंगात ही विरळ ओळच आधी दगा देते.

मापाचे गणित एका उदाहरणाने दाखवते. समजा, तुमचा नितंबांचा घेर ४१ इंच आहे. ‘फ्री साइज’ लिहिलेली एक लेगिंग टेबलावर सपाट पसरली आणि आसनाच्या थोडे वर, सगळ्यात रुंद जागी टेप धरला, तर रुंदी १३ इंच भरली. पुढची आणि मागची बाजू मिळून घेर झाला २६ इंच. २६ इंचांचे कापड ४१ इंचांवर जाणार, म्हणजे ते जवळजवळ ५८ टक्के ताणले जाणार. कापड २०० जीएसएमचे धरले, तर तेच वजन आता जास्त जागेवर पसरले, म्हणून अंगावर असताना ते सुमारे १२७ जीएसएमचे उरते. खाली वाकलात की पाठीमागचे कापड उभेही ओढले जाते. ते फक्त १५ टक्के धरले तरी आकडा ११० वर येतो. ११० जीएसएम म्हणजे उन्हाळ्यात घालायच्या अगदी पातळ बनियनचे कापड. आता त्याच कापडाची एक्सएल घ्या. तिची सपाट रुंदी साडेपंधरा इंच, घेर ३१ इंच. ताण ३२ टक्के, उभे असताना सुमारे १५२ जीएसएम आणि वाकल्यावर १३२. कापड तेच, दुकान तेच, फरक अडीच इंचांचा. हे गणित ढोबळ आहे, पण लेगिंग निवडायला पुरेसे आहे. मी स्वतः एक साधा नियम पाळते: सपाट रुंदीची दुप्पट ही माझ्या घेराच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी असता कामा नये. ४१ इंचांना ती ३१ इंच येते. पर्समध्ये शिंप्याचा टेप असला की हे एका मिनिटात होते. दुकानदार विचित्र नजरेने पाहतो, पाहू द्यावे.

हे मी ज्या प्रकरणातून शिकले, ते माझ्याच सहीने पास झालेल्या मालाचे होते. क्रीम रंगाचा एक मोठा लॉट आमच्याकडे आला. कापड गोल कटरने कापून वजन केले, २१५ जीएसएम भरले, रंग जुळला, शिलाई चांगली होती. महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या सगळ्या वाकल्यावर दिसण्याच्या. मी पुन्हा वजन केले, पुन्हा २१५. मग आधीच्या वर्षीची एक लेगिंग काढून नवीच्या वर ठेवली, तेव्हा लक्षात आले की नवी दोन्ही बाजूंनी जवळजवळ अर्धा इंच आत होती. शिवणाऱ्या युनिटने कापड वाचवण्यासाठी कटिंगचा साचाच बारीक केला होता, आणि कापड ताणणारे असल्यामुळे ट्रायल घेणाऱ्या मुलीलाही ती नीट बसली होती. पुढची आणि मागची बाजू मिळून घेरात जवळजवळ दोन इंच गेले होते. तेव्हापासून मी जीएसएमच्या आधी टेप लावते.

आता ताणून पाहण्याची परीक्षा. बहुतेक जणी लेगिंग दोन्ही हातांनी आडवी ओढतात आणि उजेडाकडे धरतात. यात एक फसगत आहे. एका दिशेने ओढलेले कापड दुसऱ्या दिशेने आपोआप आखडते. आडवे ओढले की उंचीला कमी होते, आणि त्यामुळे फास पूर्ण उघडत नाहीत. अंगावर मात्र कापड कमरेपासून घोट्यापर्यंत उभे धरलेले असते, त्याला आखडायला वाव नसतो. म्हणून हातात पास झालेली लेगिंग अंगावर नापास होते. तुमच्या बाबतीत झाले ते बहुधा हेच.

त्याऐवजी असे करावे. लेगिंग कमरेकडून उघडून एक हात आत घालावा आणि आसनाच्या मागच्या बाजूला, जिथे बसल्यावर वजन येते तिथे, बोटे पूर्ण फाकवून पंजा ताठ करावा. दुसऱ्या हाताने पंजाच्या खालचे आणि वरचे कापड धरून उभे ओढून घ्यावे. आता कापड दोन्ही दिशांनी ताणले गेले. किती ताणायचे, तर वर काढलेल्या गणिताइतके. खुणेसाठी मी दोन सेफ्टी पिना चार इंचांच्या अंतरावर अलगद टाक्यांच्या मधून लावते आणि त्या साडेपाच इंचांपर्यंत जातील इतकेच ताणते. ते साधारण ३७-३८ टक्के होते. दुकानात पिना लावू देणार नाहीत. तिथे आपली नजर वापरावी, म्हणजे लेबलची पट्टी आणि शिवणीची एखादी गाठ यांच्यातले अंतर अंदाजाने धरावे. नंतर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पंजाच्या बोटांच्या मधल्या फटी वेगळ्या ओळखू येतात का. बोटे आणि फट यांतला फरक दिसत असेल, तर आतल्या कपड्याची कडही दिसेल. दुसरी, हात काढून आत बिलाचा कागद ठेवला, तर त्यावरची छपाई वाचता येते का. अक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी जाणवली तरी चालेल, पण ‘एकूण रक्कम’ वाचता आली, तर ती लेगिंग परत ठेवावी. तिसरी, कापड तीस सेकंद ताणून सोडावे आणि मिनिटभर थांबावे. चार इंचांचे सव्वाचारच्या वर राहिले, तर लायक्रा कमी आहे किंवा हलका आहे, आणि ही लेगिंग आज दाट असली तरी दिवाळीपर्यंत गुडघ्यावर विरलेली असेल.

मोबाइलचा टॉर्च आतून लावून पाहण्याचा सल्ला सगळीकडे दिलेला असतो. मी तो फारसा मानत नाही. टॉर्चपुढे चांगले कापडही चमकते, आणि अंगाच्या आतून टॉर्च कधी लागत नाही. अंगावर उजेड बाहेरून पडतो आणि परत येतो. त्यामुळे टॉर्चचा उपयोग एकच, तो म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन लेगिंगची तुलना. त्यापेक्षा दुकानाच्या दाराशी दिवसाच्या उजेडात जावे, कारण आतल्या पिवळ्या दिव्यांखाली क्रीम रंग नेहमी दाट भासतो. ट्रायल रूममध्ये आरशाकडे पाठ करून कमरेतून वाकावे आणि पूर्ण खाली बसावे. खाली बसूनच निर्णय घ्यावा, उभे राहून नव्हे. फळ्याच्या खालच्या ओळी पुसताना आणि मुलांच्या बाकाशी वाकताना तुम्ही याच स्थितीत असता.

फिकट रंगांबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी. पांढऱ्या किंवा क्रीम लेगिंगखाली पांढरे अंतर्वस्त्र घालू नका. आपल्या त्वचेशी त्याचा विरोध सर्वांत जास्त असतो, म्हणून तेच आधी दिसते. त्वचेच्या रंगाचे, जाड कड नसलेले घातले, तर तीच लेगिंग निम्म्याने कमी पारदर्शक वाटते. दुसरी गोष्ट पावसाची. सुती कापड ओले झाले की तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी भरते, उजेड इकडे-तिकडे विखुरण्याऐवजी सरळ आरपार जातो आणि कोरडेपणी दाट असलेले कापड पारदर्शक होते. दुचाकीवरून शाळेत जात असाल, तर पावसाळ्यात क्रीम लेगिंगचा विचारच सोडावा. घरी आणल्यावर आसनाच्या आतल्या बाजूला ओले बोट टेकवून पाहा, मी काय म्हणते ते लगेच कळेल.

गडद रंगाची गंमत वेगळी आहे. काळी सुती लेगिंग ताणली की गुडघ्यावर आणि मांडीवर बारीक पांढरट चकाकी उठते. ती त्वचा नसते. तो लायक्राचा तंतू असतो. सुती धाग्याला लागणारा रंग लायक्राला नीट लागत नाही, त्यामुळे फास उघडले की तो मधून डोकावतो. ही चकाकी ३५-४० टक्क्यांच्या ताणावरच दिसू लागली, तर कापडाची वीण सैल आहे असे समजावे. छापील लेगिंगमध्ये याहून वाईट होते. तिथे पांढऱ्या पॉलिस्टर कापडाच्या फक्त वरच्या अंगावर छपाई असते आणि ताणल्यावर खालचा पांढरा उघडा पडतो. अशी लेगिंग घ्यायची असेल, तर आतली बाजू उलटून पाहावी. आतून दुधासारखी पांढरी असेल, तर एक माप मोठीच घ्यावी.

व्हिस्कोस-लायक्राची लेगिंग हातात फार मऊ आणि जड लागते आणि त्यामुळे ती दाट असल्याचा भास होतो. ती अंगाला चिकटून बसते आणि आतल्या कपड्याची प्रत्येक कड बाहेर काढते. लांब कुर्त्याखाली ठीक आहे, बाजूला उंच कट असलेल्या कुर्त्याखाली मी ती घालणार नाही. योगासाठी किंवा व्यायामासाठी घेत असाल, तर नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये २० ते २५ टक्के लायक्रा असलेले, दुहेरी विणीचे, म्हणजे इंटरलॉक कापड घ्यावे. इंटरलॉकमध्ये फासांच्या दोन थरांची एकमेकांत गुंफण असते, म्हणून एका थराची फट दुसऱ्या थराने झाकली जाते. इथे लायक्रा एवढा जास्त चालतो, कारण कापडच २५० जीएसएमच्या आसपास असते. ओळखायचे असे: कापडाची पुढची आणि मागची बाजू सारखीच दिसली, तर इंटरलॉक, मागच्या बाजूला आडव्या अर्धवर्तुळांच्या ओळी दिसल्या, तर साधी जर्सी. तुमच्या सुती लेगिंगची मागची बाजू पाहा, तुम्हाला या ओळी दिसतील.

मुलीच्या टाइट्सचा विचार थोडक्यात. तत्त्व तेच, आकडा वेगळा. टाइट्सवर जीएसएम नसतो, डेनियर असते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनियर. २० च्या आसपास असलेल्या टाइट्स मुद्दाम पारदर्शकच असतात, ४० ला त्वचेची छटा दिसते, ६० पासून त्या अपारदर्शक म्हणून विकल्या जातात. दिवसाच्या उजेडात गुडघ्यावर स्कर्टखाली नीट काळ्या दिसाव्यात असे वाटत असेल, तर ८० ते १०० घ्याव्यात. तिथल्या थंडीतही त्या बऱ्या पडतील. पण डेनियर हे धाग्याचे माप आहे, अंगावरच्या कापडाचे नाही. पाकिटाच्या मागे उंची आणि वजनाचा तक्ता असतो. ती दोन मापांच्या सीमेवर असेल, तर मोठे माप घ्यावे, नाहीतर ८० डेनियरची टाइट मांडीवर ५० सारखी दिसते आणि पोटरीवर काळीभोर, आणि हा दुरंगीपणा काळ्यात फारच उठून दिसतो. पाकीट उघडून पाहता येत नाही, म्हणून एकदम सहा न घेता आधी एकच घ्यावी, ती घालून खिडकीशी गुडघा वाकवून पाहावा आणि मग बाकीच्या आणाव्यात. पाकिटावर ‘मॅट’ लिहिले असेल, तर प्राधान्य द्यावे. तशा धाग्यात चकाकी कमी करणारी पांढरी भुकटी मिसळलेली असते आणि तीच उजेडही अडवते. चकचकीत टाइट्स त्याच डेनियरला पातळ दिसतात.

लेगिंग ऑनलाइन मागवणार असाल, तर सपाट रुंदी विचारा, ‘तुमच्या मापाला बसेल’ या उत्तरावर थांबू नका. आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमच्या त्याच मापाच्या, त्याच लांबीच्या, भरवशाच्या जुन्या लेगिंगशेजारी तिचे वजन करा. जुनी २४० ग्रॅम आणि नवी १९० भरली, तर लेबलवर काहीही लिहिलेले असो, कापड हलके आहे किंवा कटिंग बारीक आहे. दोहोंपैकी कोणते, हे एकावर एक ठेवून लगेच कळते. टॅग न काढता, अंतर्वस्त्रावरूनच घालून, खाली बसून पाहा आणि परत करायची मुदत संपायच्या आत ठरवा.

एक गोष्ट तुमच्या क्रीम लेगिंगसाठी राहिली. ती पिवळट पडली, म्हणून क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवू नका. क्लोरीनने सूत पांढरे होईल, पण लायक्रा आतून तुटत जाईल, आणि आसनाजवळ जिथे ताण सर्वाधिक असतो तिथे कापड आधी सैल आणि मग विरविरीत होईल. हातातली सध्याची लेगिंग टाकून देण्याचीही घाई नको. तिची सपाट रुंदी मोजा. तिची दुप्पट तुमच्या घेराच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी असेल, तर दोष मापाचाच आहे. ती गुडघ्याखाली येणाऱ्या, बाजूला कट नसलेल्या कुर्त्याखाली वापरा आणि शाळेसाठी एक माप मोठी, २२० जीएसएमची आणा.